बारा इंची टॉम सुरात कसा लावायचा, आणि ती टिणटिण कशी घालवायची

आमच्या भीमगीतांच्या पार्टीनं एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून जुना ड्रमसेट घेतला. बारा आणि तेरा इंची दोन टॉम, सोळाचा फ्लोअर टॉम, चौदाची स्नेअर आणि बावीसची किक. 14 एप्रिलचा कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता आणि बारा इंची टॉमवर काडी मारली की नुसतं "बोंईई, वॉव वॉव वॉव" असं चालून राहिलं होतं, जसं कोणी स्टीलची परात आपटली अन् ती जमिनीवर फिरत फिरत थांबून राहिली. आमच्यातले एक काका आयुष्यभर डफडं वाजवत आले, ते म्हणाले, "अबे थंडं पडलं अशीन ते, शेकोटीपाशी धर थोडसं."

काकांचं त्यांच्या जागी बरोबरच आहे. डफड्याचं, खंजिरीचं चामडं हवेतली ओल पितं, ढिलं पडतं, शेकलं की ओल निघून जाते, चामडं आकसतं आणि सूर चढतो. पण ड्रमसेटचं हेड म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म, प्लास्टिकच समजा. ती ओल पीत नाही, आणि उष्णतेनं आकसायच्या ऐवजी थोडी पसरते, म्हणजे शेकोटीपाशी धरला तर टॉमचा सूर उलटा उतरतो, आणि जास्तच धरला तर हेड कायमचं खराब. इथं सूर चढवायचा-उतरवायचा म्हणजे चावीच फिरवायची, दुसरा उपाय नाही.

तर हा लेख त्या एका बारा इंची टॉमचा. तो एक नीट लावता आला की तेरा आणि सोळाला तेच करायचं असतं. स्नेअर अन् किकमधे जे वेगळं आहे तेवढं शेवटी सांगतो.

आधी खोलून पाहा

ड्रमची चावी ही चौकोनी तोंडाची छोटी टी आकाराची चावी असते, सेटसोबत येते आणि सगळ्यात आधी हरवते, म्हणून दोन घेऊन ठेवा. पक्कड, पाना वापरू नका, बोल्टचं डोकं गोल झालं की मग ते कोणत्याच चावीनं फिरत नाही.

टॉम स्टँडवरून काढा. वरचे सहाही बोल्ट ढिले करा, पण एकच बोल्ट पूर्ण काढून मग दुसरा असं नको, सगळे अर्धा अर्धा फेरा करत सोडा, नाहीतर हूप वाकडा होतो. हूप म्हणजे ती लोखंडी रिंग जिच्यातून बोल्ट जातात. बोल्ट फिरला की हूप खाली येतो, हूप हेडला खाली दाबतो, आणि हेड लाकडी शेलच्या काठावर ताणलं जातं. सगळा खेळ एवढाच आहे. त्यामुळे बिघाड असला तर तो या चार जागीच असतो, बोल्ट, हूप, हेड नाहीतर काठ.

आमच्या टॉममधे काय काय निघालं सांगतो. दोन बोल्ट गंजून जाम होते, त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक एक थेंब सोडला. एका बोल्टचा वॉशर गायब होता, हार्डवेअरच्या दुकानातून मापाचा आणला. हूप काचेच्या टेबलावर ठेवून पाहिला, चारी बाजूनं नीट टेकला, म्हणजे सरळ होता. मग शेल उपडा करून काठ काचेवर टेकवला, खोलीत अंधार केला आणि आतून मोबाईलची टॉर्च लावली. काठाखालून उजेडाची मोठी फट दिसली तर तिथं काठ बसका आहे, आणि मग कितीही चावी फिरवा त्या बाजूला सूर जुळवायला त्रास होणारच. केसाएवढी फट चालते, स्वस्तातल्या सेटला असतेच. काठावर मात्र चिकटपट्टीचा जुना गोंद अन् धूळ होती, ती कोरड्या फडक्यानं पुसली.

वरच्या हेडला मधोमध काड्यांचे खड्डे पडलेले होते. बोट फिरवल्यावर खड्डे लागले की ते हेड संपलं समजा, कारण तिथं फिल्म ताणून पातळ झालेली असते, ती बाकीच्या हेडसोबत एकसारखी हालत नाही. लोक अशा हेडवर तास तास चावी फिरवतात आणि म्हणतात कान नाही आपल्याला. कान आहे भाऊ, हेड गेलं आहे. आमच्याकडं नवीन हेड अमरावतीहून मागवलं, साधं एकेरी, म्हणजे एकाच थराच्या फिल्मचं. खालचं जुनंच ठेवलं, खालच्यावर काडी लागत नाही म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं.

खालचं हेड आधी

बहुतेक नवशिके खालच्या हेडला हातच लावत नाहीत, आणि अर्धी बोंब तिथंच असते. टॉमचा सूर एका हेडचा नसतो. वरच्यावर काडी पडली की आतली हवा खालच्याला ढकलते, खालचं परत वरच्याला, अशी दोघं मिळून हालतात. खालचं वेडंवाकडं ताणलेलं असलं तर वरच्याला कितीही जुळवा, परात वाजणारच.

टॉम उपडा करून घडी केलेल्या गोधडीवर ठेवा. गोधडी वरच्या हेडला टेकते अन् ते गप्प राहतं, म्हणजे तुम्हाला फक्त एकाच हेडचा आवाज ऐकू येतो. हे केलं नाही तर दोन्ही आवाज मिसळतात आणि काहीच कळत नाही.

आता सहा बोल्ट घड्याळाच्या काट्यांसारखे धरा, 12, 2, 4, 6, 8, 10. हेड बसवा, हूप ठेवा, बोल्ट चावी न वापरता बोटानं जेवढे फिरतात तेवढेच फिरवा. मग चावी घेऊन 12 ला अर्धा फेरा, त्याच्या समोरच्या 6 ला अर्धा, मग 2 आणि 8, मग 4 आणि 10. नेहमी समोरासमोर. तबल्याला गजऱ्यावर हातोडी मारताना आपण एका घरावरून शेजारच्या घरावर जात नाही, समोर जातो, तेच इथं. शेजारी शेजारी कसत गेलं की हेड एका बाजूला सरकून बसतं अन् मग ते सरळ होत नाही.

एक चक्कर झाली की तळहात हेडच्या मधोमध ठेवून बऱ्यापैकी दाबा, चरचर आवाज आला तरी घाबरू नका, नवीन हेडचा गोंद सुटतो तेव्हा असा आवाज येतो, दाबल्यानं हेड काठावर नीट बसतं. परत पाव पाव फेऱ्याची चक्कर. सुरकुत्या गेल्या की थांबा. आमच्या टॉमला बोटाच्या कसणीपासून साधारण सव्वा फेरा लागला, पण फेरे मोजून ताण सारखा येत नाही, कारण कोण्या बोल्टचे आटे जाम असतात तर कोण्याचे झिजलेले. फेरे फक्त जवळ पोहोचवतात, पुढचं काम कानाचं.

सहा जागा, एक आवाज

आता एका हाताचं एक बोट हेडच्या मधोमध हलकं टेकवून ठेवा, दाबू नका, नुसतं टेकवा. दुसऱ्या हातानं काडीच्या टोकानं किंवा चावीनं प्रत्येक बोल्टच्या समोर, काठापासून अंदाजे एक इंच आत, हळूच टिचकी द्या. मधल्या बोटानं ड्रमचा मोठा घुमणारा आवाज बंद होतो आणि काठाचा बारीक सूर सुटा ऐकू येतो. जोरात मारू नका, जोरात मारलं की सगळंच सारखं वाटतं.

खालचं जुळलं की टॉम सरळ करून वरच्या हेडलाही हेच सगळं करायचं. आमच्या वरच्या हेडवर जेव्हा हे केलं तेव्हा 12 आणि 6 पाशी सूर चढा, 2 आणि 8 पाशी मधला, आणि 4 अन् 10 पाशी चांगलाच उतरलेला. आता लक्षात घ्या, उतरलेल्या दोन जागा एकमेकींच्या बरोबर समोर आहेत. हा योगायोग नाही. काठावर टिचकी मारली की हेड त्या व्यासावर तराजूसारखं हालतं, एक बाजू वर तर समोरची खाली, म्हणून समोरासमोरच्या दोन बोल्टांचा सूर जवळपास सारखाच ऐकू येतो. मग दोघांपैकी ढिला कोणता? चावी लावून पाहा, जो हाताला सैल लागतो तो. आमच्याकडं 4 सैल होता. त्याला पाव फेरा दिला अन् 10 ला हातही न लावता त्याचा सूर वर आला. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी 4 कसायचो, मग 10 पण कसायचो, मग दोन्ही चढायचे म्हणून 12 कसायचो, आणि असं करत करत अर्ध्या तासात पूर्ण टॉम लाकडासारखा ताठ होऊन बसायचा. म्हणून एका वेळी एकच बोल्ट, आणि तोही पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, मग सहाच्या सहा जागा परत ऐका.

12 आणि 6 चढे होते, त्यातला 12 चावीला जास्त घट्ट लागला. चढ्याला उतरवायचं असलं तर नुसतं थोडसं सैल करून सोडू नका. लागेल त्याच्यापेक्षा जास्त खाली न्या, हेड मधोमध दाबा, मग कसत वर या. उतरवत आणलेला बोल्ट आट्यात अडकून राहतो अन् दोन गाणी वाजवली की सरकतो. वर चढवत आणलेला टिकतो.

किती वेळ लागतो? पहिल्यांदा मला वरच्या हेडला चाळीस मिनिटं लागली. मधे थांबा, कान थकला की सगळं सारखंच वाटायला लागतं, पाणी पिऊन या.

किती चढवायचं: पेटी काढा

सहा जागा सारख्या झाल्या, पण सारख्या कोणत्या सुरावर? इथं भजनी मंडळाची पेटी कामी येते. बहुतेक गावात एक तरी असतेच, मोबाईलचं ट्यूनर ॲप काठाच्या बारीक आवाजावर गोंधळतं, पेटीचा सूर मात्र ऐकून गुणगुणता येतो अन् मग टिचकीसोबत ताडता येतो.

आम्ही बारा इंचीचं वरचं हेड पांढरी सहाला लावलं, म्हणजे काठावरची टिचकी पांढरी सहाची. खालचं हेड त्याच्यापेक्षा थोडं चढं, वरच्या सप्तकातल्या पांढरी एकला. सप्तकाचा घोळ वाटला तर एवढं ध्यानात ठेवा, पांढरी सहा साधारण 220 हर्ट्झची आणि तिच्या वरची पांढरी एक साधारण 262 ची. पेटीत खर्जाची पट्टी पण सोबत वाजत असते म्हणून कान फसू शकतो, तेव्हा एकच स्टॉप उघडा ठेवा.

खालचं चढं काहून? दोन्ही हेड एकाच सुरात असली की टॉम सगळ्यात लांब घुमतो, ऐकायला छान, पण जलद वाजवताना एका आवाजावर दुसरा चढतो. खालचं थोडं चढं केलं की आवाज खुला राहतो पण लवकर आवरतो. फार चढं केलं तर दोघं एकमेकांना धरून ठेवतात अन् ड्रम गुदमरतो, पुठ्ठ्याच्या डब्यासारखा. तिथं पोहोचला असाल तर वरच्याला छेडू नका, खालचं उतरवा.

आणि एक, टॉम स्टँडवर लावून मधोमध काडी मारली की जो सूर येतो तो पांढरी सहा नसतो, त्याच्यापेक्षा बराच खालचा असतो. काठाचा सूर हा मधल्या सुराच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट असतो. त्यामुळे काठ जुळवताना पेटी वापरा, मधला आवाज मात्र नुसता चांगला वाटतो का ते पाहा.

बाकीच्या दोघांना तोच हिशोब. तेरा इंचीचं वरचं हेड पांढरी चार, खालचं काळी चार. सोळाचं वरचं खालची पांढरी एक, खालचं काळी दोन. म्हणजे वरून खाली वाजवत आलं तर काठाचे सूर सहा, चार, एक असे उतरतात अन् कानाला उतरण गोड लागते. हेच सूर पाहिजेत असं काही नाही, तुमच्या शेलचा आकार खोल असला तर सगळे अर्धा-एक सूर खाली चांगले वाटतील. टॉमला एखाद्या सुरावर बरं वाटतं अन् त्याच्या वर नेलं की आवाज पातळ होतो, हे चढवत जाताना आपोआप कळतं. बारा आणि तेराच्या मापात एकाच इंचाचा फरक आहे म्हणून त्यांच्यात फार मोठं अंतर पाडायला जाऊ नका, बारा किंचाळायला लागतो नाहीतर तेरा फडफडतो.

नवीन हेड पहिल्या दिवशी ताणून बसतं. आमचं दुसऱ्या दिवशी सकाळी जवळपास अर्धा सूर उतरलेलं होतं, परत सगळ्या बोल्टांना समान थोडं थोडं दिलं. त्यानंतर मात्र टिकलं.

आता टिणटिण

इतकं झाल्यावर आमची "वॉव वॉव" पूर्ण गेली. तो जो डुलणारा आवाज होता तो टिणटिण नव्हताच, ते दोन थोडे वेगळे सूर एकमेकांवर आदळत होते, 4-10 चा एक अन् 12-6 चा एक. तो कापडानं, टेपनं जात नाही, जुळवल्यानंच जातो. म्हणून टेप हातात घ्यायच्या आधी ऐका, आवाज डुलतो आहे की सरळ लांब चालतो आहे. डुलत असला तर चावी. सरळ लांब "टिंईंई" असला तर मग दाबायचा विचार करा.

एकेरी हेडला थोडी टिणटिण असतेच, आणि ती पूर्ण मारायची नसते. घरात, बंद खोलीत, कानाजवळ ती फार वाटते. कोणाला तरी वाजवायला लावून तुम्ही वीस-पंचवीस फूट दूर जा, अर्धी तिथंच गायब होते, आणि ऑर्गन, ढोलकी, बास सुरू झाले की बाकीचीही. मोकळ्या मैदानात तं तीच टिणटिण आवाज लांब नेते. आमच्या ढोलकीवाल्यानं पहिल्या रिहर्सलला टॉमवर टेपच्या फुल्या फुल्या मारल्या होत्या, खोलीत मस्त वाटलं, मैदानात वीस फुटांवर नुसतं थप थप.

दाबायचंच असलं तर कमीत कमीपासून सुरू करा. टिश्यू पेपर किंवा मऊ सुती कापडाची दोन बोटांएवढी घडी, वरून टेपचा एक तुकडा, आणि ती काठापासून एक-दीड इंचावर, काडी लागणार नाही अशा जागी. काठाकडं बारीक सूर जास्त हालतात म्हणून तिथं दाबलं की टिणटिण जाते पण मधला गाभा शाबूत राहतो. मधोमध टेप लावली की उलटं होतं, गाभा जातो अन् टिणटिण राहते. घडी टेपनं घट्ट चापू नका, एक बाजू थोडी सुटी राहू द्या, काडी पडताना ती उडते आणि परत बसते, त्यानं आवाज आधी खुला सुटतो अन् मग आवरतो.

स्नेअर अन् किक, थोडक्यात

स्नेअरचं खालचं हेड फार पातळ असतं, वर्तमानपत्राच्या कागदाएवढंच म्हणा, त्याला काडी किंवा तळहाताचा जोर लावायचा नाही. ते टॉमच्या खालच्यापेक्षा बरंच चढं ठेवा, बोटानं मधे दाबलं तर जेमतेम हाललं पाहिजे. लावताना खालच्या हेडला टेकणाऱ्या तारांचा खटका सोडून ठेवा. वरचं हेड काडी उसळेल इतकं ताठ. स्नेअरची टिणटिण बहुतेकांना सगळ्यात जास्त छळते, तिच्यावर स्वस्त उपाय म्हणजे जुनं फाटकं चौदाचं हेड. त्याची धातूची कड कापून टाका, सपाट भागाची एक इंच रुंद गोल रिंग कापा, ती स्नेअरच्या वर हूपच्या आत नुसती ठेवून द्या. टेप नाही, काही नाही. जास्त दाबली वाटली तर रिंग अर्धी कापा.

टॉम वाजवला की स्नेअर आपोआप "झर्रर" करते, ती दुसरी तक्रार. आमच्याकडं बारा इंचीवर काडी मारली की सगळ्यात जास्त व्हायचं, कारण त्याचा सूर स्नेअरच्या सुराजवळ होता. बारा इंचीची दोन्ही हेडं थोडी खाली घेतली, अर्धाच सूर, आणि झरझर निम्मी झाली. पूर्ण जात नाही, कोणाचीच जात नाही. तारा फार आवळू नका, आवळल्यानं झरझर कमी होते पण हलकं वाजवलेलं ऐकूच येत नाही.

किकचं वरचं म्हणजे पाय मारतो ते हेड सुरकुत्या जाईपर्यंत आणि त्याच्यावर पाव-अर्धा फेरा, बस. आत जुनी उशी ठेवा जी दोन्ही हेडांना नुसती शिवेल, आत गोधडी कोंबू नका.

मैदानावर

14 एप्रिलला आम्ही दुपारी तीनला पिकअपमधून सेट नेला, ऊन असं की हूपला हात लागत नव्हता. आल्या आल्या मी बारा इंची तपासला तर तो पाऊण सूर उतरलेला, अन् घाईघाईत सगळे बोल्ट कसले. रात्री नऊला हवा थंड झाली, हेड परत आकसलं आणि टॉम किंचाळायला लागला, दोन गाण्यांच्या मधे कसलेलं सगळं सोडावं लागलं. आता आम्ही सेट ताडपत्रीखाली किंवा गोधड्यांत गुंडाळून नेतो, मंडपात सावलीत एक तास ठेवतो आणि कार्यक्रमाच्या अर्धा तास आधीच चावी लावतो, त्याच्या आधी नाही. आणि चावी किकच्या स्टँडला दोरीनं बांधलेली असते.

काका त्या रात्री शेजारी डफडं शेकत बसले होते. त्यांचं उतरत होतं तेव्हा आमचं चढून राहिलं होतं.